सराव-नोंद, आठवडा ६: आठचा आकडा बिघडला तो रविवार

सराव तोच आहे. दोन शंकू ८ मीटर अंतरावर ठेवायचे आणि त्यांच्याभोवती बाइकने पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर आठचा आकडा काढायचा. दहा फेऱ्यांत किती वेळा पाय टेकला ते वहीत लिहितो. गेले तीन रविवार २, १, २ असे आकडे होते. या रविवारी ९.

शनिवारी मित्राची हळद होती. रात्री दहा ते साडेबारा मी तीन लार्ज घेतले आणि रिक्षाने घरी आलो. सकाळी चहा-पोहे झाले, डोकं हलकं होतं. साडेसातला ग्रुपमधल्या एकाच्या मागे बसून मैदानावर गेलो. माझी गाडी तिथल्याच शेडमध्ये असते. पहिल्याच वळणात गाडी आत पडतेय असं वाटलं आणि मी पाय टेकला. क्लच ठीक, हवा ठीक, गाडीत काहीच बिघाड नाही. दहा फेऱ्या झाल्यावर गाडी परत शेडमध्ये लावली.

घरी हिशेब मांडला. ६० मिलीच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याचे १०० मिलीला ढोबळमानाने ४० मिलिग्रॅम होतात. भरल्या पोटी थोडे कमी. कायद्याची मर्यादा ३० आहे, म्हणजे ‘एकच घेतलाय’ म्हणणाराही तिच्या आसपास किंवा पुढे असतो. उतरण्याचा वेग तासाला सुमारे १५. माझे १२० सकाळपर्यंत जवळजवळ शून्यावर आले असणार. पोलिसांच्या यंत्रात फुंकलं असतं तरी बहुधा काही दिसलं नसतं. मग ९ कुठून आले? झोप कमी झाली होती हे खरंच, पण मोठं कारण कानात आहे.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो आणि मध्ये जेलीसारखा एक पडदा असतो. एरवी दोघांची घनता सारखी, म्हणून पडदा फक्त डोकं फिरलं की वाकतो. दारू आधी पडद्यात शिरते, तो द्रवापेक्षा हलका होतो आणि नुसतं डोकं कलतं केलं तरी वाकतो. मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. काही तासांनी दारू द्रवातही पोचते आणि सगळं बरं वाटू लागतं. पण उतरतानाही ती आधी पडद्यातूनच जाते. पडदा आता जड होतो आणि खोटा संदेश उलट्या दिशेने सुरू होतो. हा दुसरा टप्पा रक्त साफ झाल्यावरही काही तास टिकू शकतो. आठच्या आकड्यात आपण पुढच्या शंकूकडे बघायला मान वळवतो, कलती करतो. नेमकं तिथेच मी पडत होतो.

हे उतरल्यानंतरचं. प्यायल्यावर लगेच निघणाऱ्याला आपला तोल बिघडलाय हे कळत का नाही, याचं उत्तरही याच सरावात आहे. चाळीसच्या पुढे गाडी बरीचशी स्वतःच सरळ राहते. मोकळ्या रस्त्यावर हँडलला फारसं काम नसतं, म्हणून ‘मस्त चालवतोय’ असं मनापासून वाटतं. कस लागतो तो सिग्नलला थांबताना, वाळूवर वळताना, समोर कुत्रं आलं की. कारमध्ये चार चाकं तोल सांभाळतात. इथे तो प्रत्येक क्षणी आपल्यालाच सांभाळायचा असतो.

ब्रेकचा हिशेब मैदानावर मोजून दाखवला, कारण ग्रुपमध्ये एक जण ‘दोन पेगला काही होत नाही’ म्हणतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर, आणि कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक मारला तर आणखी २०. पहिला शंकू ३७ मीटरवर ठेवला. दारूने अर्धाच सेकंद उशीर झाला असं समजून दुसरा ४५ वर. तो म्हणाला, “आठच मीटर ना?” आठ मीटर खरे, पण पहिल्या शंकूपाशी जिथे शुद्धीतला माणूस उभा आहे, तिथे दुसऱ्याची गाडी अजून ताशी ३९ ने जातेय. ट्रॉलीचा मागचा भाग पहिल्या शंकूवर असेल तर हा दुसरा माणूस ३९ नेच त्यावर जातो. ‘दोन पेग’वाला दोन्ही शंकूंच्या मध्ये बराच वेळ उभा होता.

आणि त्या २० मीटरमध्ये हात ताळ्यावर आहे असं गृहीत आहे. पुढचा ब्रेक आधी हलका, फोर्क दबला की मग घट्ट, हे आपण महिनाभर घोटतोय. उशीर झालेला माणूस घाबरून लिव्हर एकदम आवळतो. एबीएस नसेल तर पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी खाली जाते. वळणात कललेली असेल तर साध्या एबीएसचाही भरवसा नाही.

पुढच्या रविवारी: आदल्या दिवशी काही न घेता दहा फेऱ्या, आणि ४० वरून ब्रेकचे पाच प्रयत्न, टेपने मोजून. त्या ९ शेजारी नवा आकडा लिहीन.