तीन नंबरचा प्रश्न आणि पेन्सिलीतली वजाबाकी

गोव्यात वेर्ण्याला एका कारखान्यात मी एचआर बघते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, चवथीची, म्हणजे गणपतीची सुट्टी संपून कारखाना सुरू झाला त्याच आठवड्यातली. सकाळी नऊला प्रॉडक्शन मॅनेजर केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं आणि माझ्याच हातून गेलेला फीडबॅकचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. तीन नंबरच्या प्रश्नासमोर मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलं होतं, २६ वजा ४ वजा २० बरोबर २. म्हणाले, "बाय, दोघांनीही मला एक-एक दिलाय ना?"

मला काय बोलावं तेच सुचेना, कारण आकडा बरोबर होता.

आधी ते फीडबॅक प्रकरण काय होतं ते सांगते. मॅनेजरबद्दल फक्त त्याच्या वरच्या साहेबाने मत द्यायच्या ऐवजी चार बाजूंनी विचारायचं, स्वतः मॅनेजर, साहेब, बरोबरीचे मॅनेजर आणि हाताखालची माणसं. साहेब एकच असतो, त्यामुळे त्याचं मत लपत नाही, ते त्यालाही माहीत असतं. पण बाकी दोन गटांना आपण शब्द देतो की तुमचं नाव कळणार नाही. त्यासाठी नियम असा की गटातून निदान तीन उत्तरं आली तरच त्या गटाची सरासरी दाखवायची, कमी आली तर तिथे नुसती रेघ.

जुना फॉर्म होता त्यात "नेतृत्वगुण चांगले आहेत", "सर्वांशी आदराने वागतात व योग्य मार्गदर्शन करतात" असली वाक्यं होती. आदराने वागतो पण मार्गदर्शन करत नाही अशा माणसाला किती मार्क द्यायचे? लोक सरळ चार-चार टिक करून मोकळे व्हायचे. म्हणून मी महिनाभर बसून प्रश्न नव्याने लिहिले, एका वाक्यात एकच गोष्ट आणि तीही डोळ्यांनी दिसणारी. "शिफ्ट बदलताना आधीच्या शिफ्टची अडचण लाइनवर येऊन विचारतात." "कोणाची चूक झाली तर त्याला बाजूला घेऊन सांगतात." उत्तर किती वेळा घडतं यावर, १ म्हणजे कधीच नाही, ५ म्हणजे नेहमी, आणि शेवटी वेगळा पर्याय "बघायची संधी आली नाही". हा पर्याय नसेल तर ज्याने काही पाहिलेलंच नाही तो मधला ३ ठोकतो आणि सरासरी खोटी होते. मला हे प्रश्न आजही आवडतात.

रिपोर्टची शीट पण मीच एक्सेलमध्ये बांधली. प्रत्येक गटाची फॉर्मची लिंक वेगळी, नाव कुठेच घेतलं नव्हतं, आणि प्रत्येक प्रश्नाला हा फॉर्म्युला:

```
=IF(COUNT(D2:D6)<3,"-",AVERAGE(D2:D6))
```

"बघायची संधी आली नाही" हे शब्दात येतं, COUNT ते मोजत नाही, त्यामुळे गटातून तीन जणांनी फॉर्म भरला तरी एखाद्या प्रश्नाला दोनच आकडे असतील तर तिथेही रेघच येणार. एवढा विचार केला होता. आणि मग शेवटी एक कॉलम टाकला, "इतर सर्वांची सरासरी", का तर साहेबांना एका नजरेत चित्र दिसावं.

त्या मॅनेजरच्या हाताखाली तीन सुपरवायझर. फॉर्मची शेवटची तारीख चवथीच्या आदल्या दिवशी होती, आणि गोव्यात त्या आठवड्यात माणूस माटोळी बांधणार की फॉर्म भरणार? एक जण आधीच सुट्टीवर गावी गेला होता, त्याची सुट्टी मॅनेजरनीच सही करून दिली होती. तर दोनच उत्तरं आली. त्या गटासमोर रेघ आली, फॉर्म्युल्याने काम चोख केलं होतं.

आता तीन नंबरचा प्रश्न बघा, चूक झाली तर बाजूला घेऊन सांगतात का. साहेबांनी दिले ४. बरोबरीचे पाच मॅनेजर, त्यांची सरासरी ४.०, म्हणजे एकूण २०. इतर सर्वांची सरासरी छापली होती ३.३ आणि खाली, आठ जण. ३.३ गुणिले ८ म्हणजे २६.४ येतं, पण मार्क तर पूर्ण आकड्यात असतात, २५ असते तर सरासरी ३.१ छापली असती, २७ असते तर ३.४, म्हणजे २६च. त्यातून ४ आणि २० काढले की राहतात २, दोन माणसांचे मिळून, आणि कमीत कमी मार्क १ असल्यामुळे दोघांचा एक-एकच, दुसरा पर्यायच नाही. एक दशांश ठेवल्यामुळे आकडा झाकला जाईल असं मला वाटलं होतं. आठ जणांत तो झाकला जात नाही.

आणि जे दोघे हजर होते ते कोण, हे सुट्टीच्या अर्जावरून मॅनेजरना पाठ होतं.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. प्रश्न जुना असता, "नेतृत्वगुण चांगले आहेत", तर १ आला तरी कशाबद्दल आला ते कळलं नसतं. मी प्रश्न इतका नेमका केला होता की त्यांना दिवससुद्धा आठवला. "लेबल उलटं लागलेलं त्या दिवशी मी लाइनवर ओरडलो, तेच ना?" असं विचारलं त्यांनी, माझ्याकडे न बघता. राग नव्हता आवाजात, माणूस दुखावला होता. मी एवढंच म्हटलं, "सर, कोणी काय दिलं ते मी सांगणार नाही, आणि हा रिपोर्ट असा तुमच्याकडे यायलाच नको होता, ही चूक माझी आहे."

मग मी आणखी एक विचारलं, तुम्ही त्या दोघांशी बोललात का. बोललो नाही म्हणाले, पण सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांच्याकडे बघवलं नाही.

दुपारी मी त्या दोघांना वेगवेगळं बोलावून खरं काय ते सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. एक जण गप्प ऐकून गेला. दुसरा सावंतवाडीहून येतो, तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणालेलात नाव कळायचा नाय." मी होच म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

संध्याकाळी बसून शीट बदलली. एकूण सरासरीचा कॉलम काढूनच टाकला, कारण एक गट झाकला आणि बाकीचे गट नि बेरीज दोन्ही उघडी ठेवली की झाकलेला गट वजाबाकीने बाहेर येतोच. हाताखालची माणसं पाचापेक्षा कमी असतील तर त्यांचा आणि बरोबरीच्यांचा मिळून एकच गट, आणि हे फॉर्म भरायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. तीनच माणसं बोलावली तर एक सुट्टीवर गेला की संपलं. एकत्र केल्यावर बरोबरीच्यांची सरासरी वेगळी कुठेही छापायची नाही, नाहीतर परत तेच. यात नुकसान आहे, बाजूने आणि खालून मॅनेजर वेगळा दिसतो हेच तर कळायला हवं असतं, आणि या केसमध्ये तर ४ आणि १ एवढं अंतर होतं, ते एकत्र केल्यावर ३.१ होऊन बसतं. पण आता मी ते नुकसान सोसते. आणि रिपोर्ट देण्याआधी कॅल्क्युलेटर घेऊन मीच वजाबाकी करून बघते, प्रत्येक प्रश्नाला.

पुढच्या वर्षी तारीख चवथीनंतर ठेवली. त्या खात्यात तोपर्यंत तीन सुपरवायझर आणखी आले होते, सहाच्या सहा जणांनी फॉर्म भरला, गट वेगळा दाखवता आला. चोवीस प्रश्न, आणि प्रत्येकासमोर सरासरी ३.०.