मिरची एकशे अकरा

साखरपुडा पाडव्याला झाला आणि श्रावणात सासूबाई गेल्या. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून मार्गशीर्षात लग्न लावलं, आणि महिन्याभरात मी दुबईत. सासूबाईंची-माझी भेट दोनदाच, दोन्ही वेळा घर भरलेलं. मी पुण्याची, आमच्याकडे गोडा मसाला. सासर तासगावचं, तिथे कांदा-लसूण मसाल्याशिवाय आमटीला आमटी म्हणत नाहीत. सासूबाईंच्या हातचा मसाल्याचा शेवटचा डबा संपत आला तसा नवरा चमचा मोजून घालायला लागला.

त्याच्या आतेबहिणीने मामींच्या कपाटातून एक कागद शोधला, फोटो काढून पाठवला. "वहिनी, मामींचं अक्षर हाय. बघा लागतंय का."

लागत नव्हतं. दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाची पाठ होती ती. मागची छापील चौकटं पुढे उमटलेली, वर फ्लॅशचा पांढरा डाग, आणि मोठं करायला गेलं की अक्षरं फुटायची. जे वाचता आलं त्यात पहिलीच ओळ : मिरची १११. पुढे कांदे १११. धने ११. लसूण ११. एवढं कुणाच्या लग्नाला केलं होतं, असं मी नवऱ्याला विचारलंसुद्धा. त्यालाही सांगता येईना.

शेवटी बाबांना पाठवलं. ते हसायलाच लागले. "अगं, ते एकशे अकरा नाही. एकावर दोन दंड म्हणजे दीड." जुन्या हिशेबात एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड. त्यांचे वडील दुकानाची वही अशीच लिहायचे. मग मी नीट पाहिलं तर सासूबाईंचा एक आकडा वर वळणदार होता आणि दंड सरळसोट, खाली जरा लांब. ताळाही जुळला : मिरची १॥ च्या खाली 'बेडगी १, लवंगी ॥' असं होतं. एक आणि अर्धा, दीड किलो. बाकीचं मग भराभर लागलं. कांदे दीड, धने, खोबरं आणि लसूण अर्धा-अर्धा, तीळ पाव.

एक ओळ मात्र तशीच राहिली. ती खोडलेली होती आणि शेजारी बारीक काहीतरी, नेमकं फ्लॅशच्या डागाखाली. ताईंना परत फोटो मागितला, पण या वेळी पद्धत सांगून. फ्लॅश नको, दिवसा खिडकीपाशी. कागदाखाली काळा कागद ठेवा, म्हणजे मागची छपाई पुढे दिसत नाही. मोबाइल अगदी वरून धरा, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. खोडलेल्या ओळीचा आणखी एक, अंधारात, बॅटरी कागदाला जवळजवळ टेकवून कडेने मारून. बॉलपेनने दाबून लिहिलेलं असलं की कागदावर खाचा पडतात, आणि आडव्या उजेडात त्यांची सावली दिसते. ताई म्हणाल्या, "एवढं तर लग्नाच्या फोटोवाल्यानं बी केलं न्हाई."

तोवर मी मसाल्याला हात घातला. सगळ्याचा सहावा हिस्सा केला : मिरची अडीचशे ग्रॅम, कांदेही तेवढेच, धने पंच्याऐंशीच्या आसपास. कांदा चिरून गच्चीवर वाळवला, त्याला इथलं ऊन पुरून उरतं. अडचण मिक्सरची. डंकावर कुटताना खोबरं-लसूण सावकाश मिरचीत मुरतात. मिक्सर तापतो, खोबऱ्याला तेल सुटतं आणि पात्याखाली लाल गोळा बसतो. पहिल्या खेपेला तोच झाला. दुसऱ्यांदा मिरची-धने आधी कोरडे दळून घेतले आणि तळलेला कांदा, खोबरं, लसूण मागून, थांबून थांबून फिरवले.

संध्याकाळी फोटो आले. खाचांमध्ये स्पष्ट दिसलं : खसखस. ती खोडून शेजारी लिहिलेलं, "तिकडे चालत नाही. तीळ ॥ कर."

खसखशीला इकडे बंदी आहे, आणायलासुद्धा. नवऱ्याने एकदा आईने बांधून दिलेली पुडी निघताना काढून घरीच ठेवली होती, तेव्हा त्यांना कळलं असणार. मी काळ्या कागदाशिवायचा पहिला फोटो पुन्हा उघडला. मागून उमटलेलं पान उलटं करून वाचलं. मे महिना, सासूबाई गेल्या त्याच वर्षीचा. म्हणजे पान फाडलं ते जूनमध्ये किंवा त्यानंतर.

नवऱ्याला दाखवलं. बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला. मग म्हणाला, "मला तर चहासुद्धा टाकता येत नाही. हे तिला माहीत होतं."