वस्तादांची कवळी आणि स्पीकरचं बटण

राजारामपुरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात भर गर्दीच्या वेळी बासरी वाजायची एकदम थांबली. रिंग वाजली, आणि पाठोपाठ स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, “मॅडम, त्या वस्तादांच्या कवळीचं काय करायचं? खालचे दात परत काढून बसवाय लागतील बघा.”

वस्ताद तिथंच पंख्याखाली बसले होते. त्यांना गाडीवरून घेऊन आलेली तालमीतली दोन पोरंही शेजारी होती. वस्तादांच्या तोंडात कवळी आहे, हे त्या पोरांना तोवर ठाऊक नव्हतं.

मी कॅमेरे, इंटरकॉम आणि स्पीकर बसवायची कामं करतो. तासाभरात मला मॅडमचा फोन आला, “दादा, तो स्पीकर आधी इथनं घेऊन जावा.” मी गेलो, पण न्यायला नव्हे. दवाखान्यात संगीत का लागतं ते मला माहीत होतं. आतल्या खोलीत दात कोरायचा एअरोटर सुरू झाला की त्याची चिरकी शिट्टी बाहेर बसलेल्यांच्या दातांपर्यंत पोचते. संगीत असलं की ती थोडी झाकली जाते. स्पीकर काढून नेला असता तर माणसं परत त्या शिट्टीकडे कान लावून बसली असती.

रिसेप्शनवरची ताई रडवेली झाली होती. “मी नुस्ती रिंग बंद कराय गेलते ओ, ह्यो बाबा बोलायच लागला!”

“कुठलं बटण दाबलासा?”

तिनं स्पीकरच्या मधल्या बटणावर बोट ठेवलं. सगळा घोटाळा तिथंच होता. माइक असलेल्या बहुतेक ब्लूटूथ स्पीकरवर हे एकच बटण दोन कामं करतं. गाणं चालू असताना दाबलं तर गाणं थांबतं, आणि फोन वाजत असताना दाबलं तर फोन उचलला जातो. मॅडम आत होत्या, हातात ग्लोव्ह्ज. त्यांचा मोबाईल बाहेर काउंटरवर होता आणि संगीत त्याच्यावरूनच चाललं होतं. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधल्या माणसानं फोन केला, रिंग स्पीकरवर वाजली, ताईंनी गाणं थांबवायचं बटण समजून ते दाबलं. पलीकडच्याला वाटलं मॅडमनीच फोन घेतला, आणि तो सुरूच झाला. यात ताईंची चूक मला तरी दिसत नाही. उचलायचं आणि थांबवायचं बटण एकच ठेवणाऱ्यानं दवाखान्याचा विचार केलेला नसतो.

आधी मॅडमचा मोबाईल हातात घेतला. फोन आणि स्पीकर ब्लूटूथनं जोडले की त्यांच्यात दोन वेगवेगळे मार्ग उघडतात. एक गाण्याचा, त्याला ए-टू-डी-पी म्हणतात. त्यात आवाज फक्त फोनकडून स्पीकरकडे जातो, स्टिरिओ आणि चांगल्या दर्जाचा. दुसरा बोलण्याचा, एच-एफ-पी. त्यात आवाज दोन्हीकडे जातो, पण बारीक, टेलिफोनसारखा. जोडताना दोन्ही मार्ग आपोआप चालू होतात, आणि बोलण्याचा मार्ग बंद करता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत स्पीकरच्या नावापुढचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबायचं. आत `Phone calls` किंवा `Calls` असं एक बटण असतं आणि `Media audio` असं दुसरं. कंपनीप्रमाणे ही नावं थोडी बदलतात. पहिलं बंद केलं, दुसरं तसंच ठेवलं. आयफोनमध्ये एकेका स्पीकरसाठी असं वेगळं बटण नसतं, पण मॅडमचा अँड्रॉइड होता.

मग माझ्या मोबाईलवरून त्यांना फोन लावला. ताईंनी फोन उचलला तर बोलणं मोबाईलच्याच कानात ऐकू आलं, स्पीकरमधून एक शब्द नाही. मॅडम म्हणाल्या, “झालं की मग.”

झालं नव्हतं. फोन वाजायला लागल्याबरोबर बासरी थांबली होती, आणि कॉल संपेपर्यंत बाहेर शांतता होती. एवढ्यात आत कुणाच्या तरी दाढेवर एअरोटर चालू होता, तो स्वच्छ ऐकू आला. हे थांबवणं स्पीकरचं काम नसतं, मोबाईलचं असतं. कॉल आला की मोबाईल स्वतःच गाण्याच्या अ‍ॅपला गप्प करतो. स्पीकर बदला, वायरनं जोडा, महागातला घ्या, हे होणारच. आणि या बाईंना दिवसभर फोन. अपॉइंटमेंट, लॅब, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सासूबाई. संगीत म्हणजे नुसत्या ठिगळांची वाकळ झाली असती.

म्हणून मी सरळ सांगितलं, ज्या मोबाईलवर फोन येतात त्याच्यावरून दवाखान्याचं संगीत लावायचंच नाही. घरात एखादा जुना मोबाईल पडलाय का? पडला होता. मुलाचा, कोपऱ्यात काच तडकलेला, पण चालणारा.

तो आधी पूर्ण पुसून कोरा केला. सिम काढलं. सिम नाही म्हणजे फोन येणार नाही असं वाटतं, पण त्या मोबाईलवर कुणी व्हॉट्सअ‍ॅप जोडून ठेवलेलं असलं आणि तो वायफायवर असला, तर व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल तिथंही वाजतो आणि बासरी परत थांबते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप टाकायचंच नाही, वायफाय द्यायचं नाही, आणि वर विमान मोड लावून ठेवायचा. विमान मोड लावला की ब्लूटूथही बहुधा बंद होतं, ते नंतर हातानं परत चालू करायचं. सकाळचे अलार्म राहिलेत का तेही बघून घेतलं, कारण अलार्मही गाण्याला तसाच गप्प करतो. शेवटी गाण्याच्या अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये `Unrestricted` केलं. नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही मोबाईल बॅटरी वाचवायला अ‍ॅपच बंद करतात, आणि मग “तुमचा स्पीकर बंद पडला” म्हणून मला फोन येतो.

वायफाय नाही म्हटल्यावर गाणी मोबाईलमध्येच फाइलच्या रूपात ठेवायची. मॅडम महिन्याला पैसे भरून एक अ‍ॅप वापरायच्या, त्या म्हणाल्या तेच लावू. त्याला माझी दोन कारणांनी ना होती. त्यांचे यजमान त्याच खात्यावर गाडीत गाणी लावायचे, आणि एका माणसाच्या खात्यावर दोन ठिकाणी वाजवायला गेलं की एका ठिकाणचं थांबतं. दुसरं म्हणजे ते पैसे स्वतःपुरतं ऐकायचे असतात. दुकानात, दवाखान्यात लोकांसाठी ध्वनिमुद्रित संगीत वाजवायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवान्याचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे पीपीएल, आयपीआरएस अशा संस्था तो परवाना देतात. नुसती बासरी असली तरी ते कुणाचं तरी ध्वनिमुद्रण असतंच. मॅडमनी दवाखान्यात वाजवायच्या परवानगीसकट मिळणारं वाद्यसंगीत विकत घ्यायचं ठरवलं, मी त्यात पडलो नाही.

आता परत चाचणी. जुन्या मोबाईलवर बासरी चालू, मी मॅडमच्या नंबरवर फोन लावला. काउंटरवर त्यांचा मोबाईल वाजला, बासरी चालूच. मी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकतोय तोवर ताईंच्या नवऱ्याचा ताईंना फोन आला. बासरी थांबली, आणि ताईंची रिंग स्पीकरमधून अख्ख्या दवाखान्यात घुमली.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी ताईंकडे.

“ताई, तुमचा मोबाईल ह्या स्पीकरला कधी जोडला होता काय?”

“खंडेनवमीला. मशिनींची पूजा केली तवा आरती लावली हुती.”

तिच्या मोबाईलमध्ये ब्लूटूथची यादी उघडली. स्पीकरच्या नावाखाली `Connected` लिहिलेलं होतं. जुन्या मोबाईलवरही त्याच वेळी तेच. म्हणजे हा स्पीकर एका वेळी दोन मोबाईलना धरून ठेवणारा होता, त्याला मल्टिपॉइंट म्हणतात. दुकानदार हे गुण म्हणून सांगतो, आणि घरात तो असेलही. दवाखान्यात मात्र ताई सकाळी ब्लूटूथ चालू ठेवून आत आल्या की स्पीकर गुपचूप त्यांच्या मोबाईललाही धरायचा. गाणं एका मोबाईलवरून आणि कॉल दुसऱ्यावर आला, तर असा स्पीकर कॉललाच आधी जागा देतो. मॅडमच्या मोबाईलमधला बोलण्याचा मार्ग मी बंद केला होता, ताईंच्या मोबाईलमधला उघडाच होता.

असा चोर शोधायला अवघड नाही. ज्यांनी कधी काळी स्पीकर जोडलाय त्या सगळ्यांचे मोबाईल समोर ठेवायचे आणि ब्लूटूथच्या यादीत कुठं कुठं `Connected` दिसतंय ते बघायचं. पण तेवढ्यावर सोडायचं नाही. ताईंच्या आणि मॅडमच्या दोघींच्या मोबाईलमधून `Forget` दाबून स्पीकर काढून टाकला. मग स्पीकरचीही आठवण पुसली, म्हणजे त्यानं जपून ठेवलेली जुन्या जोड्यांची यादी. हे करायला कुठल्या स्पीकरवर ब्लूटूथचं बटण बराच वेळ दाबून धरायचं असतं, कुठल्यावर त्याच्याबरोबर आवाज वाढवायचंही. सोबतच्या कागदात लिहिलेलं असतं, आणि नशिबानं मॅडमनी तो कागद जपला होता. यादी पुसल्यावर फक्त जुना मोबाईल नव्यानं जोडला. मग आम्ही तिघांनी एकमेकांना आळीपाळीनं फोन लावले. बासरी हलली नाही.

जाताना ताईंना सांगितलं की हा मोबाईल लोखंडी कपाटात ठेवू नका. पत्र्यातून ब्लूटूथ नीट जात नाही, गाणं तुटतं, आणि मग वैतागून कुणीतरी परत आपला मोबाईल जोडतं. त्यांनी तो काउंटरच्या लाकडी खणात ठेवला, वर चिठ्ठी चिकटवली, “हा मोबाईल गाण्याचा आहे. हात लावू नये.”

पुढच्या आठवड्यात ताईंचाच फोन आला. आवाज घाबरलेला. “दादा, परत कोनतरी बोलाय लागलंय त्यातनं! बाई हाय, इंग्लिशमधी बोलतीया.”

“काय म्हणतीया?”

तिनं मोबाईल स्पीकरजवळ नेला. बासरीच्या मध्येच एक बाई ठसक्यात म्हणाली, “बॅटरी लो.”

हा आवाज कुठल्या मोबाईलचा नव्हता, स्पीकरच्या पोटातच भरलेला होता. या मॉडेलमध्ये तो बंद करायची सोय नाही. मी सांगितलं, दुपारी दवाखाना बंद असतो तेवढ्या वेळात चार्जिंगला लावत जावा.