तीन निरीक्षणांवर सोडवलेला काय-स्क्वेअर

बी.एस्सी.ला एक विधान मी पाठ करून पास झालो. नमुना नॉर्मलमधून घेतला असेल, तर (n−1)S²/σ² हे n−1 डिग्रीज ऑफ फ्रीडमचं काय-स्क्वेअर असतं, आणि X̄ व S² एकमेकांपासून स्वतंत्र असतात. यातला दुसरा भाग मला पटायचाच नाही. S² काढताना प्रत्येक निरीक्षणातून X̄ वजा करायचा, आणि वर म्हणायचं की दोघांचा काही संबंध नाही!

एम.एस्सी.ला सरांनी हेल्मर्टच्या मॅट्रिक्समधून सिद्धता दिली. ती वहीत उतरली, डोक्यात नाही. मग सुट्टीत मी n खाली आणला, अगदी दोनवर.

दोन निरीक्षणं असतील तर थोड्या बीजगणितानंतर S² = (X₁−X₂)²/2 एवढंच उरतं, म्हणजे माध्य त्यातून गायब होतो. X̄ बेरजेवर चालतो, S² वजाबाकीवर. बेरीज आणि वजाबाकी यांचा कोव्हेरिअन्स Var(X₁)−Var(X₂), म्हणजे शून्य. आता इथेच नॉर्मल लागतं: दोन्ही एकत्रितपणे नॉर्मल असल्यामुळे कोव्हेरिअन्स शून्य म्हणजे थेट स्वतंत्र. इतर वितरणांत ही उडी मारता येत नाही. शिवाय (X₁−X₂)/(σ√2) हे प्रमाणित नॉर्मल, त्याचा वर्ग S²/σ². झालं एक डिग्रीचं काय-स्क्वेअर.

तीनसाठी नवे अक्ष घ्यावे लागतात:

Y₁ = (X₁+X₂+X₃)/√3
Y₂ = (X₁−X₂)/√2
Y₃ = (X₁+X₂−2X₃)/√6

हे एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणून वर्गांची बेरीज बदलत नाही, आणि तिन्ही Y स्वतंत्र नॉर्मल राहतात. Y₁² म्हणजे 3X̄². ते एकूण बेरजेतून काढलं की Y₂²+Y₃² = 2S² उरतं. 4, 6, 11 घेऊन मी पडताळलं. माध्य 7, विचलनं −3, −1, 4, वर्गांची बेरीज 26. दुसरीकडे Y₂² = 2, Y₃² = 144/6 = 24. तेच 26. वाटेत Y₂ आणि Y₃ चा μ सुद्धा कटतो, कारण दोन्हींच्या सहगुणकांची बेरीज शून्य आहे. म्हणून काय-स्क्वेअर केंद्रीय राहतं. 'एक डिग्री कमी होते' म्हणजे एक अक्ष माध्याने अडवला, इतकंच. सरांची मॅट्रिक्स हीच होती, फक्त n ओळींची.

यानंतर टी मिळवायला फार कष्ट पडले नाहीत. (X̄−μ)/(S/√n) मध्ये वर-खाली σ ने भागलं की वर प्रमाणित नॉर्मल आणि खाली √(काय-स्क्वेअर/(n−1)) येतं. अज्ञात σ कटून जातो. पण वरचा आणि खालचा भाग स्वतंत्र नसेल, तर या भागाकाराला टी म्हणता येणार नाही. मला न पटणारा भागच इथे सगळा भार उचलत होता.

गिनेसच्या डब्लिनमधल्या कारखान्यात काम करणाऱ्या गॉसेटने 1908 मध्ये 'स्टुडंट' या नावाने हे मांडलं. त्याने घेतलेलं झोपेच्या औषधाचं उदाहरण मी हाताने सोडवलं. दहा रुग्णांना दोन औषधांमुळे मिळालेल्या झोपेतला फरक, तासांत: 1.2, 2.4, 1.3, 1.3, 0, 1.0, 1.8, 0.8, 4.6, 1.4. माध्य 1.58, S = 1.23, t = 4.06. टेबलात 9 डिग्रीला 2.262 मिळतं, त्यामुळे माध्याचं 95 टक्के अंतर 0.70 ते 2.46. σ माहीत असल्याचं समजून 1.96 वापरलं असतं, तर ते 0.82 ते 2.34 असं उगाच अरुंद आलं असतं. σ साठी काय-स्क्वेअरची टोकं 2.70 आणि 19.02 घेतली, तर अंतर 0.85 ते 2.25 येतं. दहा निरीक्षणांतून σ बद्दल किती कमी कळतं पाहा!

त्या यादीतला 4.6 मात्र खटकतो. माणूस तोच, पण आकडा इतरांपासून फारच दूर. नॉर्मल नसेल तर काय बिघडतं हे पाहायला मी R मध्ये एक्स्पोनेन्शियलचे नमुने काढले:

```r
x <- matrix(rexp(100000), ncol = 10)
cor(rowMeans(x), apply(x, 1, var))
```

उत्तर 0.7 च्या आसपास येतं. rexp च्या जागी rnorm टाका, शून्याच्या आसपास येतं. माध्य मोठा आला की S² ही मोठा येतो, कारण उजवीकडचं लांब शेपूट दोघांनाही ओढतं.

टी यातून बऱ्यापैकी सावरतो. नमुना वाढला की X̄ नॉर्मलकडे जातो आणि S हा σ कडे. व्हेरिअन्सच्या अंतराला तो दिलासा नाही. मोठ्या नमुन्यात नॉर्मलसाठी S² चा व्हेरिअन्स सुमारे 2σ⁴/n असतो, एक्स्पोनेन्शियलसाठी सुमारे 8σ⁴/n. n कितीही वाढवा, ही चौपट तशीच राहते, आणि काय-स्क्वेअरवरून काढलेलं अंतर जवळजवळ निम्म्या रुंदीचं निघतं. म्हणून माध्यासाठी टी वापरताना मी क्यू-क्यू प्लॉटवर नजर टाकतो, आणि σ चं अंतर द्यायचं असेल तर तो नीट वाचल्याशिवाय आकडा लिहीत नाही.