आधी दोन अँपिअर, नंतरही दोन अँपिअर, आणि मधला तो क्षण

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलो, आणि नेटवर्क अ‍ॅनालिसिसच्या एका गणिताने मला तीन दिवस धरून ठेवलं. सर्किट साधं होतं. १२ व्होल्टचा सोर्स, त्याच्यापुढे २ ओहमचा रेझिस्टर, आणि तो येऊन मिळतो नोड A ला. A पासून ग्राउंडकडे दोन फांद्या उतरतात. एकीत १० मिलिहेन्रीचा इंडक्टर आणि त्याच्यामागे ४ ओहमचा रेझिस्टर. दुसरीत स्विच आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, जो आधीच ४ व्होल्टला चार्ज केलेला आहे, वरचं टोक पॉझिटिव्ह. स्विच बराच वेळ उघडा होता, t = 0 ला जोडला. जोडल्याबरोबर कपॅसिटरमधून करंट किती आणि इंडक्टरवर व्होल्टेज किती, एवढंच विचारलं होतं.

'जोडला' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. घरात आपण 'स्विच बंद कर' म्हणतो तेव्हा दिवा विझतो, आणि पुस्तकातला 'क्लोज' झालेला स्विच करंट वाहू देतो. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी 'स्विच बंद' असं लिहिलं गेलं आणि मी आधीचं आणि नंतरचं सर्किट उलटसुलट काढून बसलो. तेव्हापासून मी उघडा आणि जोडलेला हे दोनच शब्द वापरतो.

स्विच उघडा असतानाचा भाग पटकन सुटला. सगळं स्थिरावलेलं आहे, म्हणजे इंडक्टर नुसत्या तारेसारखा. १२ व्होल्ट आणि एकूण ६ ओहम, करंट २ अँपिअर. नोड A वर ८ व्होल्ट. कपॅसिटर बाजूला आपले ४ व्होल्ट धरून बसलेला.

मग मी शेवटही काढून पाहिला. स्विच जोडून खूप वेळ गेला की कपॅसिटर भरतो आणि त्यातून करंट जात नाही. पुन्हा तेच सर्किट उरतं: इंडक्टरमध्ये २ अँपिअर, A वर ८ व्होल्ट. इथेच मी फसलो. इंडक्टरचा करंट आधीही २, शेवटीही २, आणि तो एकदम बदलू शकत नाही हे तर नियमातच आहे. म्हणजे इंडक्टरला काही झालंच नाही, त्यावर व्होल्टेज शून्य, असं मी ठामपणे लिहून टाकलं.

मॅडमनी वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "स्विच जोडला त्या क्षणी A चं व्होल्टेज कोण ठरवतं?" मी म्हटलं, "आधी ८ होतं मॅडम, तेच राहील." त्या म्हणाल्या, "A ला स्वतःची आठवण असते का? ती कोणाला असते ते शोध, मग ये."

रात्री त्या प्रश्नावर बसलो तेव्हा गाठ सुटली. ऊर्जा साठवतात फक्त दोघं. इंडक्टर आपला करंट सोडत नाही, कपॅसिटर आपल्या दोन टोकांमधलं व्होल्टेज सोडत नाही. बाकी कोणालाच मागचं काही धरून ठेवायची सक्ती नाही. रेझिस्टरचा करंट उडी मारू शकतो, नोडचं व्होल्टेज उडी मारू शकतं, कपॅसिटरचा करंट आणि इंडक्टरचं व्होल्टेजही. स्विच जोडताच कपॅसिटरचं वरचं टोक थेट A ला लागतं आणि A ८ वरून ४ व्होल्टवर येतो.

मग मी त्या एका क्षणासाठी सर्किट नव्याने काढलं. कपॅसिटरच्या जागी ४ व्होल्टचा सोर्स, इंडक्टरच्या जागी २ अँपिअरचा करंट सोर्स. आता उरतो निव्वळ रेझिस्टरचा हिशेब. २ ओहमच्या रेझिस्टरवर १२ वजा ४, म्हणजे ८ व्होल्ट, म्हणून त्यातून ४ अँपिअर. त्यातले २ इंडक्टर घेतो, उरलेले २ कपॅसिटरमध्ये शिरतात. इंडक्टरच्या फांदीवर आता फक्त ४ व्होल्ट आहेत, पण तिच्या ४ ओहमला २ अँपिअरसाठी ८ लागतात. कमी पडणारे ४ व्होल्ट इंडक्टर पुरवतो.

```
iC(0+) = (12 - 4)/2 - 2 = 2 A
vL(0+) = 4 - 4*2 = -4 V
```

ते उणे चिन्ह पाहून मला फार बरं वाटलं, कारण ते काहीतरी सांगत होतं. या क्षणी इंडक्टर ऊर्जा देतोय आणि त्याचा करंट सेकंदाला ४०० अँपिअरच्या वेगाने उतरायला लागलाय. म्हणजे २ पासून २ पर्यंतचा प्रवास सपाट नाही, मध्ये खड्डा आहे. तो डोळ्यांनी पाहायचा म्हणून स्विच जोडल्यानंतरचं सर्किट सिम्युलेटरमध्ये टाकलं:

```
* two loop, after t=0
V1 s 0 12
R1 s a 2
C1 a 0 1000u IC=4
L1 a b 10m IC=2
R2 b 0 4
.tran 10u 15m UIC
.end
```

करंट साधारण १.९ मिलिसेकंदांनी १.७ अँपिअरपर्यंत खाली गेला आणि मग सावकाश वर चढून २ वर येऊन टेकला. मी लिहिलेलं शून्य खरं असतं तर ती रेघ आडवीच निघाली असती.

उत्तर तपासायला मी पॉवरचा ताळा घालतो. सोर्स देतो १२ गुणिले ४, म्हणजे ४८ वॅट. २ ओहम ३२ खातो, ४ ओहम १६, कपॅसिटर ८ घेतो आणि इंडक्टर ८ परत देतो. ४८ ला ४८. पण या ताळ्याची एक मर्यादा मला नंतर कळली. कपॅसिटर चुकून उलट्या पोलॅरिटीचा धरला तर करंट ६ अँपिअर आणि इंडक्टरवर उणे १२ व्होल्ट येतात, आणि ताळा तरीही बरोबर जुळतो: सोर्सचे ९६, कपॅसिटर आणि इंडक्टर दोघांचे २४-२४, आणि रेझिस्टरांनी खाल्लेले १४४. गणिताची आकडेमोड चुकली तर ताळा पकडतो, आकृती चुकीची वाचली तर नाही. म्हणून मी काहीही सोडवायच्या आधी कपॅसिटरच्या टोकाशी अधिकचं चिन्ह लाल पेनाने काढतो.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्याच सर्किटमध्ये कपॅसिटरच्या मागे २ ओहमचा रेझिस्टर जोडून दिला. मी सवयीने A ला ४ व्होल्ट लिहायला गेलो आणि थांबलो. ४ व्होल्ट कपॅसिटरच्या टोकांमध्ये आहेत, A आणि त्याच्यामध्ये आता रेझिस्टर आहे. A साठी केसीएल लिहावाच लागला: डावीकडून येणारा करंट बरोबर २ अधिक कपॅसिटरचा. A आला ६ व्होल्ट, कपॅसिटरचा करंट १ अँपिअर, इंडक्टरवर उणे २ व्होल्ट.

वर्गात एकाने विचारलं, पहिल्या सर्किटमधला सोर्सजवळचा २ ओहम काढूनच टाकला तर? मग ४ व्होल्टचा कपॅसिटर थेट १२ व्होल्टला चिकटतो. दोघंही आपला आकडा सोडायला तयार नाहीत, आणि कागदावर करंट अनंत होतो. कपॅसिटरचं व्होल्टेज एकदम बदलत नाही हा नियम करंट मर्यादित असेपर्यंतचाच आहे. प्रत्यक्षात तारेचा आणि कपॅसिटरच्या आतला बारीकसा रोध तो करंट आवरतो. मॅडमनी फळ्यावर त्याच जागी ०.१ ओहम लिहिला आणि A चा हिशेब पुन्हा करायला लावला. एकूण रोध आता ४.१ ओहम, म्हणून स्विच जोडायच्या आधीच इंडक्टरमध्ये २ ऐवजी साधारण २.९३ अँपिअर असतात. सोर्समधून ८० अँपिअर, कपॅसिटरमध्ये साधारण ७७, आणि इंडक्टरवर साधारण उणे ७.७ व्होल्ट.