आमची वाटचाल: एकाच अपॉइंटमेंटचे दोन मेल

कोथरूडच्या दोन खोल्यांत आम्ही तिघांनी सॉफ्टवेअर तपासायचं काम सुरू केलं, तेव्हा मिळेल ते काम घेत होतो. नोटिफिकेशनची तपासणी हे आमचं मुख्य काम झालं ते दवाखान्यांच्या एका अपॉइंटमेंट सॉफ्टवेअरमुळे. पेशंटला एकाच अपॉइंटमेंटची आठवण दोनदा जायची. आपल्या नावावर दोन वेळा लागल्या असं समजून लोक रिसेप्शनला फोन करायचे.

टेस्ट सर्व्हरवरून खऱ्या पेशंटला मेल जाऊ नये म्हणून आम्ही मेलपिट बसवलं. ते आलेला प्रत्येक मेल स्वतःकडेच ठेवून घेतं आणि ब्राउझरमध्ये ८०२५ पोर्टवर दाखवतं. सेटिंग एवढंच:

```
SMTP_HOST=localhost
SMTP_PORT=1025
```

पाचशे अपॉइंटमेंट घातल्या, पाचशेच मेल आले. आठवडाभर हेच. मग लक्षात आलं की मेलपिट क्षणात "मिळाला" म्हणतं, खरा मेल सर्व्हर कधीकधी रेंगाळतो. क्लायंटच्या सॉफ्टवेअरमध्ये मेल पाठवायची कामं रांगेत लागायची आणि वर्कर म्हणजे पाठवणारे प्रोग्राम ती एकेक उचलायचे. त्या रांगेचा नियम होता की ३० सेकंदांत काम पूर्ण झाल्याचं कळलं नाही, तर तेच काम दुसऱ्या वर्करला द्यायचं. पहिल्याचा मेल तर गेलेलाच असायचा.

आम्ही मध्ये एक छोटी स्क्रिप्ट घातली. मेल लगेच मेलपिटकडे द्यायचा, पण "मिळाला" हे उत्तर ४० सेकंद धरून ठेवायचं. पहिल्याच फेरीत एकाच पत्त्यावर, ३० सेकंदांच्या अंतराने, दोन मेल समोर! दोन्हींचा Message-ID वेगळा होता, कारण दुसरा वर्कर मेल नव्याने तयार करत होता. म्हणून तेव्हापासून आम्ही दुबार मेल पत्ता आणि अपॉइंटमेंट क्रमांक यांवरून मोजतो.

उपाय म्हणून पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये नोंद करायची, आणि अपॉइंटमेंट क्रमांक, तिची वेळ व आठवणीचा प्रकार मिळून ती नोंद एकदाच होऊ द्यायची, असं ठरलं. वेळ त्यात हवीच, नाहीतर अपॉइंटमेंट पुढे ढकलल्यावर नवी आठवण जाणारच नाही. यात एक उणीव राहते. नोंद झाली आणि पाठवण्याआधी वर्कर बंद पडला, तर मेल जात नाही. अशा अडकलेल्या नोंदी आता रिसेप्शनच्या स्क्रीनवर दिसतात आणि तिथल्या ताई पेशंटला फोन करतात.

अनसबस्क्राइबही याच पद्धतीने पकडलं. आरोग्य शिबिराचा मेल रांगेत असतानाच आम्ही त्या पत्त्यावरून अनसबस्क्राइब केलं, तरी मेल आला. अनसबस्क्राइब केलेल्यांची यादी फक्त मेल रांगेत टाकताना तपासली जात होती. आता ती पाठवायच्या क्षणी पुन्हा तपासली जाते.

पुश नोटिफिकेशन मात्र मेलपिटमध्ये येत नाही. त्यासाठी आलेली विनंती नुसती नोंदवून ठेवणारा खोटा सर्व्हर आम्ही लिहिला. दुबार पुश त्यात दिसतो. पण बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने तो किती वेळ दाबून ठेवला, हे त्यात कळत नाही. त्यासाठी टेबलावर दोन जुने फोन ठेवलेत, स्क्रीन बंद करून, चार्जरशिवाय.