लाईन दे, बॉक्स नको

मी बँकेत कॅश काउंटरला आहे, तालुक्याच्या गावची ब्रांच, काउंटर दोनच. एकावर मी आणि दुसऱ्यावर ताई. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षं सिनियर, मला अरेतुरे करतात, मी अहोजाहो. मागच्या महिन्यात मला एक तास हवा होता. दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड पत्र होतं, आम्ही तिघं भाऊबहीण, बहीण पुण्याहून येणार आणि टोकन मिळालं नेमकं 3 तारखेचं. अंगठा आणि फोटो स्वतःच द्यावा लागतो, त्यामुळे दुसरं कोणी जाऊन भागणार नव्हतं. आणि 3 तारीख म्हणजे पेन्शनवाल्यांची गर्दी.

बाहेरच्यांना वाटतं काय एवढं, शेजारच्याला सांगायचं "जरा बघ रे" आणि जायचं. कॅशमध्ये तसं नसतं. सकाळी दोन किल्ल्यांनी स्ट्राँगरूम उघडते, हेड कॅशियर मोजून पैसे देतो, ते सिस्टीममध्ये माझ्या आयडीवर चढतात आणि संध्याकाळी सिस्टीम म्हणेल तेवढे रुपये माझ्या बॉक्समध्ये असावेच लागतात. कमी भरले तर त्याच दिवशी खिशातून. जास्त निघाले तर ते माझे नाहीत, बँकेच्या वेगळ्या खात्यात जातात. म्हणजे चुकीचा फायदा कधीच नाही, तोटा मात्र आपला, ही व्यवस्था ज्याने काढली त्याने काउंटरवर एक दिवस बसून बघावं.

तर यात "जरा बघ रे" म्हणजे काय होतं हे मी तीन वर्षांपूर्वी शिकलोय. तेव्हा शेजारी आम्ही ज्यांना अण्णा म्हणायचो ते होते. मुलीला ताप म्हणून शाळेतून फोन आला, मी आयडी उघडाच ठेवला, बॉक्स तसाच, आणि अण्णा माझ्या खुर्चीत बसले. हे नियमात बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी चालतं. चाळीस मिनिटांत परत आलो. संध्याकाळी 2000 कमी. माझ्या हातून गेले की त्यांच्या, हे देवालाही सांगता आलं नसतं कारण सगळ्या एंट्र्या माझ्याच नावावर. मी भरले. अण्णा म्हणाले अर्धे देतो, मी म्हटलं छे छे, आणि तिथेच फसलो. कारण मी नाही म्हटल्यामुळे त्यांच्यावर संशयही राहिला आणि माझ्यावर उपकारही राहिला, दोन्ही एकाच वेळी. पुढे दीड वर्ष, त्यांची बदली होईपर्यंत, एटीएममध्ये कॅश भरायची पाळी त्यांची आली की "तुझ्या मुलीच्या वेळी मी उभा राहिलो होतो" हे ऐकायचं आणि गपचूप जायचं. 2000 रुपये मीच भरले आणि उपकारही माझ्यावरच, हा हिशोब कुठल्याच लेजरमध्ये बसत नाही.

म्हणून या वेळी आदल्या दिवशीच संध्याकाळी ताईंकडे गेलो, कॅश टॅली झाल्यावर, कारण टॅली व्हायच्या आधी कॅशियरला काहीही विचारू नये. म्हटलं, "ताई, उद्या साडेअकरा ते साडेबारा मला रजिस्ट्रेशनला जायचंय. नाही जमलं तर मी साहेबांकडून अर्धा दिवस टाकून घेतो, फॉर्म भरून ठेवलाय." फॉर्म खरंच भरलेला होता, हातात होता. नाही म्हणायला समोरच्याला दार उघडं दिसलं पाहिजे, नुसतं तोंडाने "नाही जमलं तरी चालेल" म्हणून ते उघडत नाही.

ताईंनी फॉर्म बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बॉक्स घेणार नाही. लाईन दे."

मला कळायला दोन सेकंद लागले. मी मनात धरलं होतं की रीतसर माझा बॉक्स त्यांच्या आयडीवर ट्रान्सफर करू, म्हणजे सगळे पैसे त्यांच्याकडे. त्यांचं म्हणणं, पैसे तुझे तुझ्याकडे, तुझा काउंटर बंद, तुझी माणसं माझ्याकडे पाठव. काम मी करीन, जोखीम तुझी माझ्या दारात नको. जास्तीची माणसं म्हणजे जास्त मेहनत, ती एका तासात संपते. जास्तीची कॅश म्हणजे संध्याकाळपर्यंत आणि कधीकधी अण्णांसारखी दीड वर्षं.

फक्त एक अडचण होती. पेन्शनवाले आजी-आजोबा पाचशेच्या नोटा घेत नाहीत, त्यांना शंभर लागतात, आणि ताईंकडे शंभराच्या नोटा कमी होत्या. तेवढ्या मात्र मला द्याव्या लागणार होत्या. शंभराची दोन पॅकेट, म्हणजे 20,000, माझ्या आयडीवरून त्यांच्या आयडीवर, साहेबांच्या ऑथरायझेशनने.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला ती पॅकेट त्यांच्याकडे सरकवली. एका पट्टीवर सही माझीच, मागच्या आठवड्यात मीच बांधलेलं. मी तोपर्यंत बॉक्सला कुलूप लावून हेड कॅशियरकडे द्यायच्या घाईत. ताई म्हणाल्या "थांब", पट्टी फाडली आणि मशीनवर टाकलं. फर्रर्र. 99. पुन्हा टाकलं. 99. मग हाताने मोजलं, अंगठ्याने पाचाच्या घडीत, जसं जुने कॅशियर मोजतात, ओठ हलत नाहीत आणि नजर नोटेवर नाही तर कोपऱ्यावर. 99.

मला घाम फुटला. शंभरच रुपये होते हो. पण ते पॅकेट मी मोजलंय म्हणून त्यांनी विश्वासाने घेतलं असतं तर संध्याकाळी शंभर त्यांच्याकडे कमी पडले असते आणि अण्णांचंच नाटक पुन्हा, फक्त या वेळी अण्णा मी. लूजमधली एक नोट काढून दिली, तिसऱ्यांदा मोजणी, शंभर, मग ट्रान्सफर. तोंडावर मोजून घेतलं की राग येतो लोकांना, आमच्याकडेही येतो, नव्या पोरांना तर फारच, "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणतात. मला त्या क्षणी बरं वाटलं. (तो शंभर संध्याकाळी माझ्याकडे कमी पडला, भरला, विषय संपला.)

निघताना काउंटरवर बोर्ड ठेवला, "काउंटर 2 बंद, काउंटर 1 वर जावे", आणि लाईनमधल्या अकरा जणांना स्वतः बाहेर येऊन सांगितलं. हेही मुद्दाम. नाहीतर लोक ताईंवर ओरडतात की तो कुठे गेला, आणि तुमच्या वतीने शिव्या खाणं हेही कर्जच आहे, ते कोणी मोजत नाही एवढंच.

निबंधक कार्यालयात काय झालं ते सांगण्यासारखं नाही. सर्व्हर. तुम्हाला माहीत आहेच. बहिणीचा अंगठा चार वेळा उमटेना, ओळखदार चहाला गेलेला. सव्वाबाराला मी ताईंना मेसेज केला, उशीर होईल, साहेबांना सांगू का. बघितला नाही त्यांनी, कसा बघणार. साहेबांना फोन केला, ते म्हणाले या आरामात. साहेबांना आराम सुचतो कारण लाईन त्यांच्या केबिनपर्यंत येत नाही. मी पोचलो एक वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा. ताईंनी मान वर केली नाही, नुसतं हाताने दाखवलं, बस.

संध्याकाळी माझं शंभराचं झालं. ताईंचं झालं नाही. 900 कमी.

आता 900 कमी आले की शहाणा कॅशियर आधी नोटा पुन्हा मोजत नाही, आधी आकड्याकडे बघतो. पहिलं, 900 चं एखादं व्हाउचर पोस्ट व्हायचं राहिलंय का. नव्हतं. मग निम्मं करायचं, 450, कारण कोणाला पैसे देऊन एंट्री जमेची पडली तर फरक दुप्पट दिसतो. 450 चं काही नव्हतं. मग नऊने भाग जातो का बघायचं. 900 ला जातो. नऊने भाग गेला की बहुतेक वेळा दोन आकडे उलटे पडलेले असतात, कारण शेजारचे दोन आकडे अदलाबदल केले की फरक कायम नऊच्या पाढ्यातच येतो, 54 आणि 45, 72 आणि 27, कुठलेही घ्या. शतकात उलटले तर नऊशेच्या पटीत. फरक बरोबर 900 म्हणजे शेजारचे दोन आकडे एकमेकांपेक्षा एकने लहानमोठे.

मी खुर्ची ओढून बसलो, म्हटलं व्हाउचर मी वाचतो, तुम्ही लिस्टवर टिक करा. ताई नको म्हणाल्या नाहीत. दीडशेच्या वर व्हाउचर होती, रोज नव्वद-शंभर असतात. वाचत गेलो. एका आजींची विड्रॉल स्लिप, अंगठा, अक्षरी पाच हजार चारशे. लिस्टवर 4,500. आजींना हातात 5,400 दिले होते, स्लिपप्रमाणे बरोबर, फक्त टाईप करताना उलटं पडलं. दिवस बंद व्हायच्या आत सापडलं आणि स्लिप पुरावा म्हणून हातात होती, त्यामुळे साहेबांनी ती एंट्री रिव्हर्स करून बरोबर टाकली, आजींच्या मुलाला फोन करून सांगितलं, मिटलं. दिवस बंद झाल्यावर कळलं असतं तर आजींच्या मागे फिरणं आलं असतं, आणि स्लिपच सापडली नसती तर ताईंचे 900 गेले असते.

मिटलं खरं, पण त्या लिस्टवर प्रत्येक एंट्रीपुढे वेळ छापलेली असते. आजींच्या एंट्रीपुढे 12:52.

साडेबारापर्यंतचा तास मी मागितला होता, विचारून, फॉर्म हातात धरून, बॉक्स बंद करून, नोटा मोजून. 12:52 मी मागितलेला नव्हता. मी म्हटलं, "ताई, हे माझ्यामुळे." त्या म्हणाल्या, "आयडी माझा, बोटं माझी. तुझं काय त्यात?" मी पुन्हा काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाल्या, "बरं मग ही व्हाउचरं शिवून दे. दाभण ड्रॉवरमध्ये आहे."

मी दीडशे व्हाउचर लावली, क्रमाने, भोकं पाडून, दोऱ्याने शिवली, वर कागद लावून तारीख टाकली. अर्धा तास लागला. ताईंनी गठ्ठा उलटसुलट करून बघितला, एक गाठ पुन्हा मारली, आणि पर्स उचलून "फिटलं, चल" म्हणाल्या. तेव्हापासून एकदाही त्या दिवसाचं नाव काढलेलं नाही त्यांनी. परवा त्यांनी मला गुरुवारी अर्धा तास मागितला, दाताच्या डॉक्टरकडे, आणि मी हो म्हणायच्या आधी विचारलं, "शंभराची किती देऊ?" म्हणाल्या, "एकच पॅकेट घेईन. म्हणजे तू घे, मी देईन. मोजून घे."

मी मोजलं. शंभर होत्या. ताई सव्वाचारला गेल्या आणि चार चव्वेचाळीसला परत.